'येतो' म्हणाले, पण येणार किती?

प्रश्न : रविवारी नातवाची मुंज आहे. दीडशे जण 'येतो' म्हणालेत, पण आकडा पक्का नाही. थोरल्याच्या मुंजीत चाळीस ताटं वाया गेली. पुन्हा विचारलं तर लोकांना राग येईल का?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, राग येत नाही. आपल्याकडे 'येतो' हा बहुतेकदा आमंत्रणाचा मान असतो, त्यात माणसं मोजलेली नसतात. केटररला गुरुवारी आकडा द्यायचा असेल, तर मंगळवारी प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवा. ग्रुपवरच्या निरोपाला फक्त अंगठे येतात. 'येताय ना?' विचारलंत की उत्तर 'हो'च येणार. त्याऐवजी लिहा : "रविवारी जेवायला तुमच्या घरचे किती जण धरू? जमत नसेल तरी मोकळेपणाने कळवा, ताटं गुरुवारी सांगायची आहेत." नाही म्हणायची वाट दिली की खरं उत्तर येतं.

बुधवारी फक्त गप्प राहिलेल्यांना फोन करा. वडीलधाऱ्यांना मात्र निरोप नको, थेट फोनच. 'बघतो' म्हणणाऱ्यांना मी मोजत नाही. त्यांच्यासाठी आठ-दहा जादा ताटांची सोय केटररशी आधीच बोलून ठेवा. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता तेवढा पाठवा. तेव्हा परत विचारू नका.