मध्यरात्रीचा भुंकणारा खोकला

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा नातू दिवसभर नुसता सर्दीने बेजार होता. रात्री दीडला कुत्रं भुंकावं तसा खोकत उठला. रडताना श्वास आत घेतला की घशातून कर्कश आवाज यायचा. सूनबाई म्हणाली दवाखान्यात नेऊ, मी म्हटलं वाफ देऊ. कडेवर घेऊन शांत केल्यावर आवाज थांबला, म्हणून घरीच राहिलो. बरोबर केलं का?
– एक आजी, नाशिक

उत्तर : घरी राहिलात ते बरोबर, आजी. वाफ मात्र नको. तिचा या आजारात उपयोग होत नाही, आणि भांडं कलंडून लेकरू भाजतं ते वेगळंच.

या दुखण्याला क्रूप म्हणतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांत ते जास्त दिसतं. सर्दीचा विषाणू, बहुधा पॅराइन्फ्लुएन्झा, स्वरयंत्राच्या खालचा भाग सुजवतो. तिथे कूर्चेचं पूर्ण कडं असल्यामुळे सूज बाहेर पसरत नाही, आतच येते. लहान मुलाची ही वाट मुळात अरुंद, त्यामुळे एखाद्या मिलिमीटरची सूजही त्याला जड जाते. रडताना श्वास जोराने ओढला जातो आणि आवाज वाढतो.

म्हणून खोकला किती भयंकर वाटतो यावर निर्णय घेऊ नका. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना अंगावरचा सदरा वर करून पाहा. तेव्हा श्वास आत घेताना आवाज नसेल, गळ्याजवळ आणि बरगड्यांखाली खड्डे पडत नसतील, मूल घोटघोट पाणी पीत असेल, तर घरी थांबता येतं. कडेवर घ्या, रडू देऊ नका. ताप असेल तर पॅरासिटामॉल द्या. खोकल्याचं औषध नको, आणि विषाणूच्या आजारात अँटिबायोटिकही नको. सकाळी डॉक्टरांना दाखवाच. दुसऱ्या रात्री त्रास पुन्हा वाढू शकतो.

शांत असतानाही आवाज येत असेल किंवा खड्डे पडत असतील, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा. ओठ निळसर झाले, मूल मलूल पडलं, लाळ गिळेना, तर लगेच १०८ला फोन करा. घसा बघायला तोंडात चमचा घालू नका. मूल घाबरून रडलं की श्वास आणखी अडतो. सर्दी-ताप काही नसताना शेंगदाणा खाता खाता ठसका लागून हे सुरू झालं असेल, तर ते क्रूप न समजता घशात काही अडकलं असं धरा आणि तेही डॉक्टरांना सांगा.

इस्पितळात बहुतेकदा डेक्सामेथासोनचा एकच डोस तोंडाने देतात. सूनबाईंनी नेलं असतं तर तेच झालं असतं, आणि त्यातही काही चूक नव्हती, कारण सौम्य क्रूपमध्येही त्याचा फायदा होतो. तासाभरात सूज उतरू लागते. त्रास जास्त असेल तर नेब्युलायझरने अ‍ॅड्रेनालिन देतात. त्याने मूल अर्ध्या तासात खेळू लागतं आणि घरचे निघायची घाई करतात. पण तो असर दोनेक तासांत ओसरतो, म्हणून त्यानंतर किमान दोन ते चार तास इस्पितळातच थांबा.