डझनाचा हातचा

पाड्यांवर संध्याकाळचे अभ्यासवर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि बचत गटाची वही लिहिणाऱ्या ताईंसाठी या अंकात बेरजेचा एकच प्रकार घेतला आहे. डझन आणि सुटे नग यांची ही बेरीज. अंडी, केळी, आंबे असा बराच माल आपल्याकडे डझनाने विकला जातो. त्यामुळे ही बेरीज गटाच्या वहीत दर आठवड्याला येते. ती चुकते तेव्हा हिशेबाइतकेच माणसांचेही नुकसान होते. ते कसे, हे पालघर जिल्ह्यातल्या आमच्या एका गटाच्या वहीवरून सांगते.

गटातल्या पाच घरांनी गावठी कोंबड्या पाळल्या आहेत. आठवडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी घराघरातून अंडी गोळा होतात. एक मुलगी वही लिहिते आणि एक ताई टोपली घेऊन पहाटे बाजाराला जाते. एका आठवड्याची नोंद अशी होती:

पहिले घर : २ डझन ७
दुसरे घर : १ डझन ९
तिसरे घर : ३ डझन ४
चौथे घर : ० डझन ११
पाचवे घर : १ डझन ८

वहीत बेरीज लिहिली होती १० डझन ९. व्यापाऱ्याने मोजून घेतली ती १० डझन ३. सहा अंडी कमी भरली. त्या दिवशीचा भाव १२० रुपये डझन, म्हणजे दहा रुपयांना एक. साठ रुपये कमी आले. पुढच्या आठवड्यात चार अंडी कमी भरली, त्याच्या पुढच्या आठवड्यात आठ. अंडी फुटली असती तर टोपलीतला पेंढा ओला दिसला असता, आणि पेंढा तर कोरडा होता. मग बायका टोपली नेणाऱ्या ताईकडे बघू लागल्या. उघड कोणी बोलले नाही, पण चौथ्या आठवड्याला तिच्यासोबत आणखी एकीला पाठवायचे ठरले. ते कशासाठी, हे तिला कळले.

वही माझ्याकडे आली तेव्हा मी आधी सुट्या अंड्यांचा रकाना पाहिला. ७, ९, ४, ११ आणि ८ मिळून ३९ होतात. मुलीने खाली ९ लिहिले होते आणि ३ हातचे घेतले होते. डझनांचे २, १, ३, ० आणि १ मिळून ७, त्यात हातचे ३ मिळवून १०. शाळेत शिकवतात तशीच, अगदी नेटकी बेरीज होती. मुलगी सातवीपर्यंत शिकलेली आहे आणि तिची बेरीज पक्की आहे. ती पक्की होती म्हणूनच तिचा हात आपोआप तसा चालला.

शाळेतल्या बेरजेत ३९ मधले ९ खाली लिहून ३ हातचे घेतो, कारण डावीकडचा रकाना दहांचा असतो. तिथे गेलेला प्रत्येक हातचा म्हणजे दहा. या वहीत डावीकडचा रकाना डझनांचा आहे, म्हणून तिथे गेलेला प्रत्येक हातचा बारा मोजला जातो. मुलीने सुट्यांतून दहा-दहा उचलले आणि ते बारा-बारांच्या रकान्यात ठेवले. दर हातच्यामागे दोन अंडी कागदावर जास्त झाली. कोंबडीने ती घातलेलीच नव्हती.

हे एकदा लक्षात आले की चूक ओळखायची खूण सापडते. दहाने हातचा घेतला असेल तर जितके हातचे, त्याच्या बरोबर दुप्पट नग वहीत जास्त दिसतात. पहिल्या आठवड्यात हातचे ३, तूट ६. दुसऱ्या आठवड्यात सुट्यांची बेरीज २६ होती, म्हणजे हातचे २, तूट ४. तिसऱ्या आठवड्यात ४४ होती, हातचे ४, तूट ८. तिन्ही आठवडे मी फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि बायकांसमोर वाचले. टोपलीतून एकही अंडे गेलेले नव्हते. एक आजी म्हणाली, “बाई, म्हणजे चोर वहीतच व्हता!” टोपली नेणारी ताई काही बोलली नाही, पण त्यानंतर सोबतीला कोणाला पाठवायची गरज राहिली नाही.

आता बरोबर रीत पाहू. आधी सुटे नग मिळवायचे: ३९. मग या ३९ मध्ये बारा किती वेळा बसतात ते पाहायचे. बारा त्रिक छत्तीस, म्हणजे तीन डझन झाले आणि ३ उरले. खाली ३ लिहायचे आणि ३ डझन हातचे घ्यायचे. डझनांचे ७ आणि हातचे ३ मिळून १०. उत्तर १० डझन ३. दहाने घेतले तरी हातचे तीनच आले होते आणि बाराने घेतले तरी तीनच आले. फरक पडला तो उरलेल्या सुट्यांत: तिथे ९ होते, इथे ३ आहेत. म्हणून तपासताना फक्त डझनांचा आकडा पाहून भागत नाही.

ज्यांना बाराचा पाढा येत नाही त्यांनी अडून राहू नये. आपल्या हातातच बारा आहेत. अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांना प्रत्येकी तीन पेरे असतात, चार त्रिक बारा. अंगठा एकेका पेरावर टेकवत मोजायचे. चारही बोटे संपली की एक डझन झाला. वहीच्या कडेला एक रेघ मारायची आणि पुन्हा पहिल्या पेरापासून सुरू करायचे.

याच रीतीने वरची बेरीज तोंडीही होते. पहिल्या घराचे ७ धरले. त्यात दुसऱ्या घराचे ९ मिळवले, १६ झाले. बारा ओलांडले, एक रेघ मारली, हातात ४ राहिले. तिसऱ्या घराचे ४ मिळवले, ८ झाले. बारा झाले नाहीत, म्हणून रेघ नाही. चौथ्या घराचे ११ मिळवले, १९ झाले. दुसरी रेघ, हातात ७. पाचव्या घराचे ८ मिळवले, १५ झाले. तिसरी रेघ, हातात ३. रेघा तीन, सुटी तीन. या रीतीत एकदम मोठी संख्या कधी येतच नाही. हातात फार तर ११ असतात आणि पुढच्या घरचे सुटेही फार तर ११, म्हणून बेरीज बाविसाच्या वर जात नाही. आमच्या वर्गातल्या, शाळा न पाहिलेल्या बायकांनी हीच रीत उचलली. वर्गात शिकवताना चिंचोके घ्यावेत. बारा चिंचोक्यांची एक पुरचुंडी बांधायची आणि ती डाव्या बाजूला सरकवायची. पुरचुंडी हातात आली की हातचा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

बेरीज झाल्यावर दोन तपासण्या कराव्यात. पहिली नजरेची: उत्तरातले सुटे नग ० ते ११ यांच्यातलेच असले पाहिजेत. १२ किंवा जास्त दिसले तर एक डझन बांधायचा राहिला आहे. पण दहाच्या हातच्याची चूक या तपासणीत सापडत नाही, कारण तिथे सुट्यांत ९ किंवा त्याहून कमीच दिसतात. म्हणून दुसरी तपासणी लागते, ती नगांची. प्रत्येक घराचे डझन मोडून नग करायचे: ३१, २१, ४०, ११, २०. बेरीज १२३. आता दहा डझन म्हणजे १२०, आणि वर ३. जुळले. या नगांचा आणखी एक उपयोग आहे. पैसे वाटताना हेच आकडे कामी येतात. दहा रुपये नगाने घरांना ३१०, २१०, ४००, ११० आणि २०० रुपये मिळतात, एकूण १,२३०. व्यापाऱ्याने दिलेली रक्कमही तेवढीच असली पाहिजे.

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बरेच जण २ डझन ७ हे २.७ असे लिहितात आणि तसेच कॅल्क्युलेटरवर मिळवतात. वरचे आकडे तसे घातले तर २.७, १.९, ३.४, ०.११ आणि १.८ मिळून ९.९१ येतात. त्याला १२० ने गुणले की १,१८९ रुपये २० पैसे होतात. खरे तर १,२३० हवेत. म्हणजे गट आपण होऊन ४० रुपये ८० पैसे सोडून देईल. कॅल्क्युलेटर बरोबरच चालतो, पण टिंबानंतरचा आकडा तो दशांश समजतो, सुटी अंडी समजत नाही. त्याला १.१० आणि १.१ सारखेच. आपल्याकडे मात्र एक डझन दहा आणि एक डझन एक यांत नऊ अंड्यांचा फरक आहे. म्हणून वहीत टिंब लिहूच नये. दोन रकाने आखावेत, एक ‘डझन’ आणि एक ‘सुटे’. कॅल्क्युलेटर वापरायचाच असेल तर सगळ्यांचे नग करून नगांचीच बेरीज करावी.

शेवटी एक मर्यादा. बाराचा हातचा माल डझनाने मोजतात तिथेच चालतो. अंड्यांचा व्यापारी ट्रेने घेत असेल तर एका ट्रेमध्ये ३० अंडी बसतात आणि हातचा तिसाने घ्यावा लागतो. आपली १२३ अंडी मग ४ ट्रे आणि ३ होतील. वही उघडली की आधी रकान्यावरचे नाव वाचावे. डावीकडच्या रकान्यात जितक्याचा गठ्ठा, तितक्यानेच हातचा.

सरावासाठी

१) ३ डझन ८, २ डझन १० आणि सुटी ५ अंडी मिळून किती?

२) केळी ४ डझन ६, १ डझन ११ आणि २ डझन ७. एकूण किती?

३) एका वहीत सुट्यांची बेरीज ३५ होती आणि डझनांची ५. लिहिणाऱ्याने उत्तर ८ डझन ५ लिहिले. बरोबर उत्तर काय आणि वहीत किती नग जास्त झाले?

उत्तरे : १) ६ डझन ११. २) ९ डझन, सुटे काही नाही. ३) ७ डझन ११, हातचे ३ घेतले होते, म्हणून ६ नग जास्त.