तराजूचे अंशांकन प्रमाणपत्र : स्वीकारण्यापूर्वीचे परीक्षण

रसकल्पांची मात्रा मिलीग्रॅममध्ये मोजली जात असल्याने औषधशाळेतील इलेक्ट्रॉनिक तराजूचे अंशांकन आपण नियमित करून घेतो. मात्र हाती आलेले प्रमाणपत्र बहुधा न वाचताच फायलीत जाते. ते कसे वाचावे, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाने पाहू.

आमच्या औषधशाळेतील तराजूची क्षमता 200 ग्रॅम असून तो 1 मिलीग्रॅमपर्यंत वजन दाखवितो. त्यावर 125 मिलीग्रॅमच्या पुड्या मोजल्या जात. प्रमाणपत्रात मात्र 20, 50, 100 व 200 ग्रॅम एवढ्याच नोंदी होत्या. म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या टोकाची तपासणी झालीच नव्हती. व्याप्ती पाहताना आणखी एक बाब तपासावी. प्रयोगशाळेस एनएबीएलची मान्यता असली, तरी ती ठरावीक मापनांपुरती व मर्यादांपुरती असते. आपले वजन त्या मर्यादेत बसले पाहिजे.

दुसरा दोष परिस्थितीचा होता. तापमान 25 अंश सेल्सिअस नोंदविले होते, परंतु ते प्रयोगशाळेतील होते. तराजू तेथे नेऊन तपासला व परत आणून भट्टीलगतच्या खोलीत ठेवला गेला. जागा, उष्णता व वाऱ्याचा झोत बदलला की वाचन बदलते. म्हणून तराजूचे अंशांकन वापराच्या जागीच व्हावे.

तिसरा दोष अनुबंधाचा. ‘राष्ट्रीय मानकांशी संलग्न’ एवढेच वाक्य पुरेसे नाही. वापरलेल्या प्रमाण वजनांचा वर्ग, त्यांच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, वैधता व ते देणारी प्रयोगशाळा यांचा उल्लेख हवा. त्यावरूनच नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेपर्यंतची साखळी पडताळता येते.

आम्ही प्रमाणपत्र परत पाठविले. जागेवर पुन्हा अंशांकन झाले. 100 मिलीग्रॅम व 1 ग्रॅम या नोंदी आल्या आणि साखळीही स्पष्ट झाली. अनिश्चितता मात्र ±5 मिलीग्रॅम निघाली (k=2, म्हणजे सुमारे 95 टक्के विश्वासाने). 125 मिलीग्रॅमच्या पुडीत 10 टक्के, म्हणजे 12.5 मिलीग्रॅम फरक आम्ही ग्राह्य धरतो. अनिश्चितता त्याच्या एकतृतीयांशाहून, सुमारे 4 मिलीग्रॅमहून, अधिक नसावी. येथे ती अधिक आहे.

प्रमाणपत्र निर्दोष, तरीही तराजू त्या कामास अपुरा! आम्ही ते स्वीकारले, पण पद्धत बदलली. आता 1.25 ग्रॅम रसकल्प 8.75 ग्रॅम शतावरी चूर्णासह खलात एकजीव करून 1 ग्रॅमच्या दहा पुड्या करतो. 1.25 ग्रॅमवर 5 मिलीग्रॅम म्हणजे केवळ 0.4 टक्के, आणि 1 ग्रॅमच्या पुडीवर 0.5 टक्के. मिश्रण एकजीव होण्याची जबाबदारी मात्र खलाची व आपली. तिची हमी कोणतेही प्रमाणपत्र देत नाही.

वैधमापन खात्याचा शिक्का ही कायदेशीर पडताळणी होय. त्यात अनिश्चिततेचा आकडा नसतो, म्हणून तो या प्रमाणपत्राचा पर्याय समजू नये.