महापौरांना लिहिलेलं पत्र

डेल्फ बी-वन या फ्रेंच परीक्षेचा निकाल हातात आला तेव्हा माझी नजर आधी एकूण गुणांवर गेली. 100 पैकी 48.5. उत्तीर्ण व्हायला 50 लागतात. मग खाली चार विभागांचे गुण पाहिले. प्रत्येक विभाग 25 गुणांचा. ऐकण्यात 14, वाचनात 15, बोलण्यात 12, आणि लेखनात 7.5. ज्या विभागाची सगळ्यात जास्त तयारी केली होती, त्यानंच मला पाडलं होतं. या परीक्षेत एकच विभाग पुन्हा देता येत नाही, चारही नव्यानं द्यावे लागतात. दीड गुणासाठी सगळी परीक्षा पुन्हा, शुल्कासकट.

लेखनाचा प्रश्न एकच असतो. 45 मिनिटं आणि किमान 160 शब्द. एखाद्या सर्वसाधारण विषयावर स्वतःचं मत मांडायचं असतं, कधी लेखातून, कधी निबंधातून, कधी औपचारिक पत्रातून. मला पत्र आलं होतं. तुम्ही फ्रान्समधल्या एका लहान शहरात राहता, तिथली नगरपालिका शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी घालणार आहे, तर महापौरांना पत्र लिहून आपलं मत सकारण कळवा, अशा अर्थाचा प्रश्न होता. तो वाचून मला आनंदच झाला, कारण माझ्याकडे यादी होती. वाक्यं जोडणाऱ्या शब्दांना आम्ही वर्गात ‘कनेक्टर’ म्हणायचो. असे 24 कनेक्टर मी अर्थासकट पाठ केले होते. त्यातले जमतील तितके पत्रात बसवले आणि समाधानानं बाहेर पडले.

त्याच रात्री ते पत्र आठवेल तसं वहीत उतरवून ठेवलं होतं. निकालानंतर ती वही घेऊन मी आमच्या जुन्या मॅडमकडे गेले. मला वाटलं, त्या लाल पेनानं चुका काढतील. त्यांनी पेन घेतलंच नाही. पहिल्या कनेक्टरवर बोट ठेवून तो झाकला आणि म्हणाल्या, ‘‘हा शब्द काढला तर काय बिघडतं, सांग.’’ मग दुसरा झाकला, मग तिसरा. मला एकाचंही उत्तर देता येईना.

पत्रातला मधला परिच्छेद मराठीत सांगायचा तर असा होता. तू दाबोर, म्हणजे सर्वप्रथम, गाड्यांमुळे प्रदूषण होतं. द प्ल्यूस, म्हणजे शिवाय, मुलांना खेळायला जागा नाही. आंनेफे, दुकानदारांचं नुकसान होईल. सपांदां, म्हणजे मात्र, बसची संख्या वाढवावी. दोंक, म्हणजे म्हणून, मी या निर्णयाशी सहमत आहे.

नुसतं वाचलं तर गाडी रुळावर असल्यासारखी वाटते. पण ‘आंनेफे’पाशी थांबा. मी त्याचा अर्थ ‘खरंतर’ असा पाठ केला होता, आणि बहुतेक विद्यार्थी तसाच करतात. फ्रेंचमध्ये तो शब्द आधीच्या वाक्याला दुजोरा देतो, त्याचं कारण किंवा पुरावा पुढं आणतो. ‘खरंतर तसं नाही’ या सुरासाठी ‘आं फेत’ हा वेगळा शब्द आहे. माझ्या परिच्छेदाचा अर्थ म्हणून असा झाला होता की मुलांना खेळायला जागा नाही, याचा पुरावा म्हणजे दुकानदारांचं नुकसान! ‘सपांदां’ विरोध दाखवतो, पण दुकानदारांचं नुकसान आणि जास्त बस यांत विरोध कुठला? आणि शेवटचा ‘दोंक’ तर बसच्या वाक्यानंतर थेट सहमतीवर उडी मारतो. प्रत्येक शब्द एक वचन देत होता आणि पुढचं वाक्य ते मोडत होतं. परीक्षकाच्या बाजूनं पाहिलं तर कनेक्टर नसलेला परिच्छेद बरा, कारण तिथं वाचणारा स्वतःच्या मनानं दुवा लावतो. चुकीचा कनेक्टर त्याला चुकीच्या गल्लीत नेतो.

माझ्या वेळच्या गुणतक्त्यात मजकुराच्या सुसंगतीला 25 पैकी 3 गुण होते. वस्तुस्थिती आणि प्रसंग मांडण्याला 4, आणि स्वतःचा विचार व्यक्त करण्याला आणखी 4. त्या 3 गुणांच्या मागे लागून मी या 8 गुणांकडे पाठ फिरवली होती. दोन कनेक्टरांच्या मध्ये सांगण्यासारखं काही नव्हतंच. प्रदूषण होतं, जागा नाही, नुकसान होईल. एकही उदाहरण नाही, एकही माणूस नाही.

पुढची चूक मात्र आपल्या मराठीची देणगी आहे, म्हणून ती जरा सावकाश सांगते. आपण म्हणतो, ‘जरी गैरसोय होणार असली, तरी निर्णय चांगला आहे.’ जरी आला की तरी येतोच, ती जोडी आपल्या कानात पक्की बसलेली असते. मी फ्रेंचमध्ये वाक्याची सुरुवात ‘बियां क’नं केली, म्हणजे जरी, आणि दुसऱ्या अर्ध्यात ‘मे’ टाकला, म्हणजे पण. फ्रेंचला ही जोडी चालत नाही. एका टोकाला गाठ मारली की दुसरं टोक मोकळं सोडायचं. तेच ‘कॉम’चं. ‘ज्याअर्थी’सारखा तो वाक्याच्या सुरुवातीला येतो, आणि मग ‘त्याअर्थी’ म्हणून ‘दोंक’ लावायचा मोह होतो. लावू नये. शिवाय ‘बियां क’नंतर क्रियापद सब्जाँक्तिफमध्ये लागतं. ‘ए’ लिहून चालत नाही, ‘सुआ’ लिहावं लागतं. परीक्षेच्या घाईत ते रूप खात्रीनं लिहिता येत नसेल, तर ‘मालग्रे’ घ्यावा. त्याच्यापुढं नुसतं नाम येतं, क्रियापदाचा प्रश्नच उरत नाही. ‘गैरसोय असूनही’ म्हणतो ना आपण, अगदी तसंच.

मॅडमनी मग एक सवय लावली. आधी समासात मराठीतून नुसते दुवे लिहायचे: कारण, उदाहरणार्थ, हे खरं, पण, म्हणून. त्यांच्यामध्ये आपला मुद्दा दोन-चार शब्दांत टाकायचा आणि तो कुजबुजत वाचायचा. मराठीत दुवा खोटा असेल तर कान लगेच अडखळतो. फ्रेंचमध्ये तो अडखळत नाही, कारण तिथं आपण अजून पाहुणे असतो. मराठीत साखळी जुळली की मगच प्रत्येक दुव्याला फ्रेंच शब्द द्यायचा.

तोच महापौरांचा विषय मी असा पुन्हा लिहिला. समासात लिहिलं: मत बाजूनं, कारण शाळेसमोरचा रस्ता, उदाहरण शेजारणीचा मुलगा, हे खरं की म्हाताऱ्यांना त्रास, पण बस, म्हणून मागणी. मग पत्र. पहिल्या परिच्छेदात फक्त मी कोण, कशाबद्दल लिहिते आहे आणि माझं मत काय, एवढंच. दुसऱ्यात, शाळा सुटताना मुलं गाड्यांमधून वाट काढतात, आणि इथं ‘आंनेफे’ आपल्या खऱ्या जागी आला: गेल्या महिन्यात माझ्या शेजारणीच्या मुलाला सायकलवर असताना गाडीचा धक्का लागला. प्रसंग कल्पनेतला, पण परीक्षेत तो चालतो. तिथं मुद्द्याला आधार देता येतो का, ते पाहतात. तिसऱ्या परिच्छेदाची सुरुवात ‘सेर्त’नं, म्हणजे ‘हे मान्य की’: वृद्धांना दवाखान्यापर्यंत चालत जाणं अवघड होईल. त्याला लागूनच ‘मे’: सकाळी दर पंधरा मिनिटांनी लहान बस सोडली तर तो त्रास टळेल. ‘सेर्त’नंतर ‘मे’ किंवा ‘सपांदां’ यायलाच हवा. समोरच्याची हरकत मान्य करून तिथंच सोडली, तर आपलंच मत ढासळतं. शेवटी ‘से पुर्क्वा’, म्हणजे म्हणूनच, आणि विनंती: बंदीबरोबरच बसची घोषणा करावी.

मोजले तर अख्ख्या पत्रात सहा कनेक्टर होते. आधीच्या पत्रात सतरा होते.

पत्राच्या चौकटीत मी आणखी एक घोटाळा केला होता, तो लवकर सांगून टाकते. महापौरांना मी ‘बाँजूर’ लिहून सुरुवात केली होती. औपचारिक फ्रेंच पत्रात डावीकडे वर आपलं नाव-पत्ता, उजवीकडे त्यांचा, मग गाव आणि तारीख, मग ‘ऑब्जे’ म्हणजे विषयाची एक ओळ, आणि मायना ‘मस्य ल मेर’. महापौर बाई असतील तर ‘मादाम ला मेर’. या मायन्याला ‘प्रिय’ जोडायचं नाही. समारोपाचं ठरीव वाक्य पाठच करावं: ‘ज व्हू प्री दाग्रेए, मस्य ल मेर, मे साल्युतासियों दिस्तांगे.’ त्यात मायना जसाच्या तसा पुन्हा येतो. सुरुवातीला मस्य आणि शेवटी मादाम, असं दमलेल्या हातून होतं. संपूर्ण पत्रात ‘व्हू’ हेच संबोधन ठेवावं, आणि मजकुरातही ‘पार कोंत्र’ऐवजी ‘आं रव्हांश’ लिहावा. अर्थ तोच, पण पहिला बोलण्यातला आहे आणि दुसरा कागदावर शोभतो.

शब्द मोजण्याबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. दोन मोकळ्या जागांमध्ये जे असेल तो एक शब्द धरतात. त्यामुळे मधे लोपचिन्ह असलेली जोडी, आपल्या नजरेला दोन शब्द दिसली तरी, एकच मोजली जाते. 160चा आकडा अगदी काठावर ठेवला तर तो खाली घसरलेला असू शकतो. मी 175च्या आसपास थांबायला शिकले.

दुसऱ्या खेपेला विषय वेगळा होता, पुन्हा पत्रच. पहिली दहा मिनिटं मी उत्तरपत्रिकेला हात लावला नाही. कच्च्या कागदावर मराठीतून दुवे लिहिले. आजूबाजूचे सगळे भराभर लिहीत होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता. पुढची पंचवीस मिनिटं लिहिण्यात गेली. उरलेल्या दहा मिनिटांत मी मॅडमसारखं एकेका कनेक्टरवर बोट ठेवत गेले. एका ठिकाणी ‘द प्ल्यूस’ झाकला आणि काहीच बिघडलं नाही. तिथं नवा मुद्दा नव्हता, आधीचाच वेगळ्या शब्दांत आला होता. मी तो शब्द आणि ते वाक्य, दोन्ही खोडलं आणि त्या जागी एक उदाहरण लिहिलं. लेखनात 18 मिळाले.