रिंग ऐकू येत नसेल तर फोन दिसावा, हाताला कळावा

मोबाइलवर आलेला कॉल कोणी उचलला नाही किंवा कापला नाही, तर तो 30 सेकंद वाजतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2019 मध्ये ही मुदत ठरवून दिली. लँडलाइनसाठी ती 60 सेकंद आहे. ज्यांना रिंग ऐकू येत नाही त्यांना कॉल आल्याचं कळायला एवढाच अवधी मिळतो. फ्लॅश आणि व्हायब्रेशनची सोय फोनमध्ये असते, घरच्यांनी ती चालूही केलेली असते, आणि तरी कॉल चुकतात. असं का होतं, ते माझ्याकडे आलेल्या एका काकांच्या उदाहरणावरून सांगतो.

काका सत्तरीच्या आसपासचे. वाळूज एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये उभी हयात गेली. मधुमेहही बरीच वर्षं आहे. मुलगा पुण्याला. त्याची तक्रार अशी की बाबा समोर बसून बोललेलं बऱ्यापैकी ऐकतात, फोन मात्र उचलत नाहीत. मुद्दाम टाळतात की काय. श्रवणचाचणी केली तेव्हा उत्तर मिळालं. 500 हर्ट्झच्या जाड आवाजाला त्यांचे कान जवळजवळ ठीक होते, पण 4000 हर्ट्झच्या बारीक आवाजाला आलेख पार खाली गेला होता. यंत्रांच्या गोंगाटाने कान बिघडतो तो आधी याच भागात, आणि वयाने येणारा बहिरेपणाही बारीक आवाजापासूनच सुरू होतो. मोबाइलचा स्पीकर इवलासा असतो. जाड आवाज त्यातून नीट निघतच नाही, म्हणून रिंगचा जोर बारीक, टणटणीत आवाजावर असतो. म्हणजे काकांचा कान जिथे सर्वांत कमजोर, नेमकी तिथेच रिंग वाजते. त्यात आपल्याकडच्या उन्हाळ्यात रात्रभर कूलर घोंघावत असतो. मुलाने आवाज शेवटपर्यंत वाढवला, तर शेजाऱ्यांना रिंग ऐकू जाऊ लागली, काकांना नाही.

मग व्हायब्रेशन चालू केलं. तेही कळेना. इथे मी 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वापरतो. तो वाजवून हाडावर टेकवायचा आणि थरथर जाणवते का, ते विचारायचं. काकांना पायाच्या अंगठ्यावर आणि घोट्यावर काहीच जाणवलं नाही, मनगटाच्या हाडावर मात्र स्पष्ट जाणवलं. मधुमेहात नसा खराब होतात त्या पायाच्या टोकापासून वर वर, हातांची पाळी नंतर येते. वयानेही थरथरीची जाणीव मंदावते. शिवाय काकांचा फोन असायचा सदऱ्याच्या लोंबत्या बाजूच्या खिशात. अंगाला टेकलेलाच नसेल तर फोन खिशातल्या खिशात थरथरून गप्प होणार.

त्यांना आम्ही साधं स्मार्ट घड्याळ घ्यायला सांगितलं, फोनला ब्लूटूथने जोडून कॉल आला की मनगटावर थरथरणारं. पट्टा सैल ठेवला तर उपयोग नाही, घड्याळ हाडाला टेकलं पाहिजे. फोन आणि घड्याळ यांच्यात दोन भिंती आल्या की जोडणी तुटू शकते, म्हणून फोन गच्चीवर विसरून खाली येऊ नये. चार्जिंग संध्याकाळी उरकावं, कारण रात्री घड्याळ हातावरच हवं. घड्याळ नको असेल तर फोन छातीवरच्या खिशात ठेवला तरी थरथर कळते. मात्र पेसमेकर बसवलेला असेल तर तिथे ठेवू नका, फोन त्यापासून किमान 15 सेंटिमीटर दूर राहिला पाहिजे.

फ्लॅशचं गणित वेगळं आहे. आयफोनमध्ये Settings, मग Accessibility, मग Audio & Visual या क्रमाने गेलं की फ्लॅशचा पर्याय सापडतो. अँड्रॉइड 14 आणि पुढच्या बऱ्याच फोनमध्ये Settings मधल्या Accessibility खाली Flash notifications असं लिहिलेलं दिसतं. तिथे कॅमेऱ्याचा दिवा आणि स्क्रीनचा उजेड असे दोन पर्याय असतात. दोन्ही चालू करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ही सोय कॉल करण्याच्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये असते. अशा ठिकाणी ती फक्त साध्या कॉलला चालते आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉलला चालत नाही, असं होऊ शकतं. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिरांना व्हिडिओ कॉलच लागतो, तेव्हा अशा कॉलला फ्लॅश लागतो का, हे त्यांनी करून पाहिलंच पाहिजे.

दिवा फोनच्या पाठीवर असतो. आपण फोन टेबलावर उताणा ठेवतो आणि दिवा खाली दाबला जातो. पाकिटासारखं मिटणारं कव्हर असेल तर स्क्रीनही झाकली जाते. म्हणून घरात फोनसाठी एक ठरलेली जागा करा. साधा स्टँड घ्या, तो रोजच्या बसायच्या खुर्चीसमोर ठेवा आणि फोनची पाठ खुर्चीकडे करा. दुपारच्या उन्हाच्या खोलीत हा दिवा फिका पडतो, पाठमोऱ्या माणसाला तर तो दिसतच नाही. मोतीबिंदू पिकलेला असेल तर त्याच्यावर विसंबू नका. घरात कोणाला अपस्मार असेल, उजेडाच्या लुकलुकण्याने आकडी येण्याचा इतिहास असेल, तर ही सोय बंदच ठेवा; आधी डॉक्टरांशी बोला.

झोपेत उजेडाचा भरवसा नाही. आगीची सूचना देणाऱ्या यंत्रांवर कमी ऐकणाऱ्या माणसांच्या चाचण्या झाल्या आहेत. लुकलुकणाऱ्या दिव्यापेक्षा गादी हलवणाऱ्या यंत्राने त्यांतली जास्त माणसं जागी झाली. म्हणून जागेपणी उजेड आणि झोपेत स्पर्श, अशी विभागणी मी सुचवतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण यंत्र रात्री काढून ठेवावं लागतं. पण फोन उशीखाली ठेवून झोपू नका. उशीखाली उष्णता कोंडते, आणि फोन चार्जिंगला लावलेला असेल तर भाजण्याचा, आग लागण्याचा धोका आहे. रात्री मनगटावरचं घड्याळच बरं.

सगळं लावून झालं की घरातल्याने दुसऱ्या खोलीतून कॉल करून पाहावं: फोन स्टँडवर असताना, खिशात असताना, भर दुपारी, आणि झोप लागल्यावर. एकदा साधा कॉल, एकदा व्हॉट्सअ‍ॅपचा. काही कळलं नाही तर आधी Do Not Disturb चालू आहे का ते बघा, मग बॅटरी वाचवण्याची सोय. या दोन्हींमुळे सूचना अडू शकतात. रात्रीचा Do Not Disturb बऱ्याच फोनमध्ये ठरल्या वेळी आपोआप सुरू होतो. त्याच्या सेटिंगमध्ये मुलांचे, शेजाऱ्यांचे नंबर अपवाद म्हणून घालता येतात. काकांच्या बाबतीत शेवटची अडचण हीच निघाली. मुलाचा नंबर अपवादात घातल्यावर रात्रीचा कॉलही मनगटावर कळू लागला.

फ्लॅशने कॉल आल्याचं कळतं, कान तपासले जात नाहीत. रिंग हळूहळू ऐकू येईनाशी झाली असेल तर एकदा श्रवणचाचणी करून घ्या; कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. घाटी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवता येईल. पण कालपर्यंत ऐकू येणारी रिंग आज एका कानाला अचानक ऐकू येत नसेल, तर मळ असेल म्हणून थेंब घालत बसू नका. अशा बहिरेपणावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका गुण येण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याच दिवशी, फार तर 72 तासांच्या आत, कानाच्या डॉक्टरांना दाखवा.