शुगर-फ्री गोळ्या आणि पोटातला गडबडगुंडा

प्रश्न : मला मधुमेह नाही, वजनासाठी साखर सोडली. दिवसभरात पाच-सहा शुगर-फ्री गोळ्या खातो, सकाळी सफरचंदाचा रस घेतो. दुपारनंतर पोट फुगतं, पातळ शौचाला होतं. दूध बंद करूनही फरक नाही.

उत्तर : अशा गोळ्यांत बहुधा सॉर्बिटॉल असतं. वेष्टनावर ‘आयएनएस ४२०’ लिहिलंय का, पाहा. लहान आतडं ते अर्धवटच शोषतं. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं, म्हणून शौच पातळ होते. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, म्हणून वायू होतो. एका गोळीत दोन ग्रॅम धरलं, तर सहा गोळ्यांचे बारा ग्रॅम होतात. दहा ग्रॅमनेही अनेकांचं पोट फुगतं.

सफरचंदाच्या रसात सॉर्बिटॉल असतंच, शिवाय ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त. ग्लुकोजच्या सोबतीने फ्रुक्टोज चांगलं शोषलं जातं. सॉर्बिटॉल मात्र त्यात अडथळा आणतं.

दोन आठवडे दोन्ही बंद ठेवा. आराम पडल्यास एकेक पदार्थ थोडा थोडा पुन्हा घेऊन पाहा. संत्रं सहसा सोसतं. शंका उरली तर श्वासातील हायड्रोजनची तपासणी करता येते. शौचात रक्त, ताप, आपोआप घटणारं वजन किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.