बियाण्याची पेटी : कोपरे, बिजागऱ्या व झांकणाची साखळी

बियाणें ठेवण्याची लांकडी पेटी बहुधा दोन ठिकाणीं निकामी होते : कोपऱ्यांत आणि झांकणाच्या मागच्या कडेस. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पाऊण इंच जाडीच्या सागवानी फळ्यांची पेटी करावयाची आहे, असें धरून चालूं.

फळीस फळी टेकवून खिळे ठोकण्याची रीत सोपी खरी. परंतु ते खिळे फळीच्या तोंडांत, तंतूंच्या दिशेनें शिरतात व तेथें लांकूड त्यांस धरून ठेवीत नाहीं. धान्याचा रेटा आला कीं ते हळूहळू बाहेर सरतात. यास्तव पारव्याच्या शेपटासारखे, टोकाशीं पसरट दांते कापून फळ्या एकमेकींत गुंतवाव्या व सरस लावावा. सरस ओला आहे तोंच दोन्ही कर्ण मापावे. बाजू बाहेरून ३६ व १८ इंच असतां प्रत्येक कर्ण सव्वाचाळीस इंच भरला पाहिजे. एक जास्त भरल्यास त्याच्याच दोन टोकांवर दाब देऊन पेटी काटकोनांत आणावी. पत्र्याचे कोन सरस वाळल्यावर स्क्रूंनीं बसवावे. ते उंदरांच्या दातांपासून व आपटण्यापासून कड राखतात. कच्चा सांधा मात्र त्यांनीं पक्का होत नाहीं. विकत घेतलेल्या पेटीचा एखादा कोन काढून आंतील सांधा पाहण्यास संकोच करूं नये.

झांकणाची फळी पावसाळ्यांत रुंदीस फुगते व उन्हाळ्यांत आकसते. म्हणून तिच्या खालच्या आडव्या पट्ट्यांस सरस लावूं नये. मधला स्क्रू घट्ट बसवून कडेच्या स्क्रूंकरितां पट्टींत लांबट भोकें ठेवावीं, नाहीं तर फळी चिरते.

हें झांकण पट्ट्यांसह पांच-सहा किलो भरतें. त्यास अडविणारें कांहीं नसलें तर तें मागें पडून पेटीच्या कडेवर टेकतें, आणि पहारीनें दगड उचटावा तसे बिजागरीचे स्क्रू उपसले जातात. यावर उपाय साखळीचा. झांकण उभ्या रेषेच्या किंचित् मागें, सुमारें शंभर अंशांवर थांबावें. त्याहून कमी उघडलें तर लहानशा धक्क्यानेंही तें पुढें पडतें, आणि त्या वेळीं माप भरणाऱ्याचें डोकें व हात पेटींतच असतात. बिजागरीच्या रेषेपासून आठ इंचांवर झांकणास एक कडी, व तितक्याच अंतरावर पण वरच्या कडेच्या दोन इंच खालीं बाजूच्या फळीस आंतून दुसरी कडी बसवावी. मग साखळी सुमारें साडेतेरा इंच लागते. तरीही झांकण दोरीनें हव्या कोनांत बांधून प्रत्यक्ष मापणें बरें. साखळ्या दोन्ही बाजूंस असाव्या व दोन्ही एकाच वेळीं ताणल्या जाव्या. एकच ताणली गेली तर झांकण पिळवटून त्या बाजूची बिजागरी आधीं सैल होते. कड्या स्क्रूच्या नसून आरपार बोल्टाच्या असाव्या.

पहिला पावसाळा गेल्यावर बिजागऱ्यांवरून बोट फिरवावें. स्क्रूचें डोकें वर आलेलें लागलें, तर साखळी लांब पडली असें समजून एक कडी कमी करावी.